गिळता येत नाही म्हणून गोळी कुटण्याआधी: कोणत्या गोळ्या-कॅप्सूल फोडू नयेत आणि त्याऐवजी काय मागावं

पक्षाघाताच्या पेशंटला नाकातली नळी (रायल्स ट्यूब) ठेवून घरी सोडतात, तेव्हा फीड कसं द्यायचं हे सिस्टर दाखवतात. औषधांच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच वाक्य कानावर पडतं, “गोळ्या बारीक करून द्या.” घरचे खलबत्ता काढतात आणि डिस्चार्ज कार्डावरच्या सगळ्या गोळ्या एकत्र कुटून, पाण्यात कालवून नळीतून सोडतात. मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो, त्यामुळे हे कानावर येतं ते पेशंटचं बीपी खाली गेल्यावर किंवा नळी तुंबल्यावर.

काही गोळ्या कुटायला काहीच हरकत नसते. काही कुटल्या की औषध वाया जातं, काहींचा दिवसभराचा डोस तासाभरात अंगात उतरतो आणि काही कुटणाऱ्यालाच बाधतात. कोणती गोळी कोणत्या प्रकारची, हे तिच्या रंगावरून किंवा आकारावरून सांगता येत नाही. स्ट्रिप वाचावी लागते.

आधी स्ट्रिप वाचा, पण मोठं नाव नको

स्ट्रिपवर ठळक अक्षरांत कंपनीचं नाव असतं. त्याच्या आसपास बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं आणि त्याला जोडून गोळीची जात लिहिलेली असते. आपल्याला हवी ती ही ओळ. तिच्यात इंग्रजीत प्रोलॉन्ग्ड-रिलीज, सस्टेन्ड-रिलीज, एक्सटेन्डेड-रिलीज, कंट्रोल्ड-रिलीज किंवा मॉडिफाइड-रिलीज यातलं काही दिसलं, तर ती गोळी औषध हळूहळू, बारा किंवा चोवीस तास सोडत राहण्यासाठी बनवलेली आहे. गॅस्ट्रो-रेझिस्टंट किंवा एन्टरिक कोटेड असं दिसलं, तर तिच्यावरचं आवरण जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळतं. या दोन्ही जाती कुटायच्या नाहीत.

कंपनीच्या नावापुढची अक्षरंही बरंच सांगतात: एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, पीआर, एमआर, रिटार्ड, क्रोनो, डीएसआर. यातलं काहीही दिसलं की हात थांबवा. मात्र अक्षरं नाहीत म्हणून गोळी साधी, असं धरू नका. प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन बऱ्याच कंपन्या कसलंही शेपूट न लावता विकतात, आणि तरीही ते हळू सुटणारंच असतं. म्हणून बारीक ओळ वाचायचीच.

‘ओडी’ या अक्षरांपाशी लोक हमखास फसतात. गोळीच्या नावातच ओडी असेल तर ती बहुधा दिवसातून एकदा घ्यायची, हळू सुटणारी गोळी असते. डॉक्टरांनी चिठ्ठीत औषधापुढे ओडी लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फक्त ‘दिवसातून एकदा’, मग गोळी साधीही असू शकते. ओडीटी किंवा एमडी म्हणजे तोंडात विरघळणारी आणि डीटी म्हणजे पाण्यात विरघळणारी. या दोन आपल्या कामाच्या आहेत.

गोळीच्या मधोमध रेघ असली की ती कुटता येते, हाही एक गैरसमज. रेघेवरून अर्धी करता येते, एवढंच ती रेघ सांगते. मेटोप्रोलॉलच्या एक्सएल गोळीला अशी रेघ असते. आत औषधाचे शेकडो बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचं आवरण असतं. गोळी मोडून दोन भाग केले तरी दाणे शाबूत राहतात. खलबत्त्यात घातली की दाणेच फुटतात.

चकाकणारी प्रत्येक गोळी कोटेड आणि म्हणून वर्ज्य, असंही नाही. ‘फिल्म कोटेड’ हे आवरण बहुतेक वेळा फक्त कडू चव झाकायला किंवा गोळी ओलीपासून जपायला असतं. बाकी काही अडचण नसेल तर अशी गोळी कुटता येते. फिल्म आणि एन्टरिक या दोन शब्दांत गल्लत झाली की एक तर नको ती गोळी कुटली जाते, नाही तर कुटता येणारी गोळी विनाकारण बंद पडते.

एक डिस्चार्ज कार्ड, सहा औषधं

एका घरातल्या वडिलांना पक्षाघात झाला. वय अडुसष्ट, नाकात नळी, लघवीला कॅथेटर. मुलगा कार्ड घेऊन आला आणि म्हणाला, “दादा, एवढी औषधं द्या. घरी कुटून घालायचीत.” कार्डावर होतं: मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५० मिलिग्रॅम एक्सएल, अ‍ॅस्पिरिन ७५ गॅस्ट्रो-रेझिस्टंट, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४०, पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची डीएसआर कॅप्सूल, मेटफॉर्मिन १००० एसआर, आणि टॅमसुलोसिन-ड्यूटास्टेराइडची एकत्र गोळी. आपल्याकडे अशी यादी रोज दिसते. सहांपैकी नुसती कुटून देण्याजोगी एकच आहे, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन.

मेटोप्रोलॉलपासून सुरुवात करू, कारण यादीतलं सगळ्यांत धोक्याचं तेच आहे. एक्सएल गोळी कुटली तर चोवीस तासांसाठीचं औषध काही वेळातच रक्तात उतरतं. नाडी मंदावते, बीपी पडतं, पेशंट गुंगल्यासारखा होतो. पक्षाघाताच्या पेशंटमध्ये ही गुंगी आजारामुळेच आहे असं घरच्यांना वाटतं आणि तिथेच वेळ जातो. याची दुसरी बाजूही आहे. औषध सकाळीच संपून गेल्यामुळे रात्री आणि पहाटे अंगात काहीच उरत नाही. बीपीची वही ठेवली असेल तर ते लगेच कळतं: दुपारी आकडा खूप खाली, दुसऱ्या दिवशी सकाळी खूप वर. असा झोका दिसला की डोस वाढवण्याआधी गोळी कशी दिली जाते ते विचारावं.

बीपीच्या हळू सुटणाऱ्या गोळ्या कुटण्यातला धोका कागदावरचा नाही. निफेडिपिनची एक्सटेन्डेड-रिलीज गोळी कुटून, लॅबेटॅलॉलसोबत नाकातल्या नळीतून दिल्यावर पेशंट दगावल्याची नोंद अमेरिकेतल्या एका औषधशास्त्रीय नियतकालिकात २००३ साली आली होती. निफेडिपिन रिटार्ड आपल्याकडेही सर्रास वापरतात.

इथे उपाय सोपा निघाला. मेटोप्रोलॉलचा दुसरा क्षार, टार्ट्रेट, साध्या गोळीत मिळतो. तो कुटता येतो, पण लवकर उतरतो म्हणून दिवसातून दोनदा द्यावा लागतो. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी २५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ लिहून दिलं. हा हिशेब घरी करायचा नाही. प्रत्येक औषधात एकाचे सरळ दोन होत नाहीत, आणि कार्डावर फरक न लिहिता दुकानदाराने परस्पर गोळी बदलणंही बरोबर नाही.

अ‍ॅस्पिरिनचं आवरण जठराच्या रक्षणासाठी असतं. ती कुटल्याने एकदम मोठा डोस अंगात जात नाही, पण आवरणाचे चिवट तुकडे नळीत अडकतात आणि जठराला जो त्रास टाळायचा होता तो होतो. त्याच ताकदीची आवरण नसलेली किंवा पाण्यात विरघळणारी अ‍ॅस्पिरिन मागायची. ताकद मात्र नीट बघा. डोकेदुखीसाठी मिळणारी पाण्यातली गोळी कितीतरी पटीने मोठी असते, ती ७५ च्या जागी चालत नाही. हार्ट अटॅकची शंका असताना डॉक्टर अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात, ते मुद्दाम, औषध चटकन उतरावं म्हणून. तो प्रसंग वेगळा, रोजचा डोस वेगळा.

पॅन्टोप्राझोलमध्ये उलटं आहे. तिथे आवरण जठराला नाही, औषधाला वाचवतं. हे औषध आम्लात नष्ट होतं. कुटून दिलं तर पेशंटला अपाय दिसत नाही, फक्त औषध लागू पडत नाही, आणि अ‍ॅस्पिरिनही चालू असेल तर जठर उघडं पडतं. डीएसआर कॅप्सूलमध्ये शिवाय डॉम्पेरिडोन हळू सुटणाऱ्या रूपात असतं. कॅप्सूल उघडून आतले दाणे नळीत टाकायचा मोह होतो. बारीक नळीत ते दाणे फुगून किंवा साचून अशी गच्च गाठ करतात की नळी बदलावी लागते. यासाठी लॅन्सोप्राझोलची तोंडात विरघळणारी गोळी किंवा इसोमेप्राझोलची दाण्यांची पुडी असते. दोन्ही पाण्यात मिसळून नळीतून देता येतात, पण त्यातलेही दाणे कुटायचे नाहीत, आणि किती पाण्यात मिसळायचं ते वेष्टनावर दिलेलं असतं. डॉम्पेरिडोन खरंच लागणार असेल तर त्याचं वेगळं सिरप मिळतं.

मेटफॉर्मिन एसआरच्या जागी साधं मेटफॉर्मिन विभागून देतात. या पेशंटला ५०० दोनदा ठरलं. साखरेच्या गोळ्यांत जास्त जपायचं ते ग्लिक्लाझाइड एमआरला. ती कुटली आणि फीड उशिरा झालं तर साखर धाडकन खाली येते, आणि ज्याला बोलता येत नाही तो पेशंट चक्कर येते हे सांगू शकत नाही. अशा घरी ग्लुकोमीटर हाताशी असावा.

सहाव्या गोळीपाशी मी मुलाला विचारलं, “घरी कुटणार कोण?” तो म्हणाला, “बायको. तिचा पाचवा महिना चालू आहे, पण तेवढं करते ती.” टॅमसुलोसिन हळू सुटणारं, त्यामुळे कुटायचं नाहीच, बीपी पडतं. पण इथे त्याहून मोठी अडचण ड्यूटास्टेराइडची. ते कातडीतून अंगात जातं आणि पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत बिघाड करू शकतं. गरोदर बाईने फुटलेल्या कॅप्सूलला किंवा गोळीला हात लावायचा नाही, आणि लागलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवायचा. याच जातीच्या फिनास्टेराइडलाही हाच नियम. पेशंटला कॅथेटर असल्याने डॉक्टरांनी ही गोळी तूर्त थांबवली आणि कॅथेटर काढायच्या आधी दाखवायला सांगितलं.

कुटणाऱ्याला बाधणारी औषधं आणखी आहेत. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल, किडनी बदललेल्यांचं मायकोफेनोलेट, आणि कॅन्सरची जवळजवळ सगळी तोंडी औषधं. ही घरी कुटायची किंवा उघडायची नाहीत, घरात गरोदर कुणी असो वा नसो. डॉक्टरांना पर्याय विचारायचा.

या कार्डावर नसलेली, पण नेहमी भेटणारी

फिटच्या औषधांत व्हॅल्प्रोएटची क्रोनो किंवा सीआर गोळी कुटू नका. तिचं सिरप मिळतं, बहुतेक ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅमचं, आणि सिरप जास्त वेळा विभागून द्यावं लागतं. फेनिटॉइनचं सिरप देताना फीडच त्याला अडवतं, म्हणून डोसच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास फीड बंद ठेवायला सांगतात. हे वेळापत्रक डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या.

पार्किन्सनची लेव्होडोपा-कार्बिडोपा सीआर कुटायची नाही, आणि ‘गिळता येत नाही’ म्हणून एकदम बंदही करायची नाही. अचानक थांबवलं तर पेशंट ताठरतो, ताप चढतो, जिवावर बेततं. तिची साधी गोळी असते, तिचे डोस डॉक्टर नव्याने बसवतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत डॅबिगाट्रानची कॅप्सूल कधीही उघडू नका. आतले दाणे कवचाशिवाय पोटात गेले तर औषधाचं शोषण सुमारे ७५ टक्क्यांनी वाढू शकतं, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. त्याच कामाच्या अपिक्साबान आणि रिव्हारोक्साबानच्या गोळ्या कुटून नळीतून देता येतात. रिव्हारोक्साबानसाठी नळीचं टोक जठरात असायला हवं, आणि १५ किंवा २० मिलिग्रॅमच्या डोसनंतर लगेच फीड द्यावं लागतं.

पोटॅशियमच्या एसआर गोळीऐवजी सिरप असतं. हाडांसाठीचं अ‍ॅलेन्ड्रोनेट कुटलं तर घशाला आणि अन्ननलिकेला चट्टे पडतात. आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी नळीतून घालायचीच नाही. गिळता येत नसलं तरी जिभेखालची जागा चालूच असते.

जी कुटायची ती कशी कुटायची

प्रत्येक गोळी वेगळी. दोन गोळ्या एकत्र कुटल्या तर त्या एकमेकींशी काय करतील सांगता येत नाही, आणि नळी तुंबली की कुठली किती गेली हेही कळत नाही. स्वयंपाकाचा खलबत्ता वापरू नका, औषधांसाठी छोटा वेगळा ठेवा.

पेशंटला उशा लावून निदान ३० ते ४५ अंश उठतं बसवा आणि औषधानंतर अर्धा तास तसंच ठेवा. हॉस्पिटलमध्ये दाखवलं तसं नळी जागेवर असल्याची खात्री करा. फीड थांबवा. उकळून गार केलेल्या ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवा. गोळी पिठासारखी बारीक करून १५ मिलिलिटर पाण्यात कालवा, मोठ्या सिरिंजने, म्हणजे ५० मिलिलिटरच्या, हळू सोडा. बारीक सिरिंजने नळीत दाब जास्त पडतो. खलबत्त्याला चिकटलेली पूड थोड्या पाण्याने विसळून तीही द्या, नाही तर छोट्या गोळीचा बराच भाग तिथेच राहतो. दोन औषधांमध्ये १५ मिलिलिटर आणि शेवटी पुन्हा ३० मिलिलिटर पाणी. किडनी किंवा हृदयामुळे पाणी मोजून द्यायचं असेल तर हे सगळं पाणी त्या मापात धरा आणि आकडा डॉक्टरांकडून घ्या. औषध फीडच्या डब्यात मिसळू नका. फीड अर्धवट राहिलं की डोसही अर्धवट राहतो.

नळी नाही, पण गोळी घशात अडकते, असे पेशंटही असतात. त्यांना पातळ पाण्यातून पूड देणं सगळ्यांत वाईट, कारण पाणीच श्वासनलिकेत पटकन उतरतं. स्पीच थेरपिस्टने जो दाटपणा ठरवून दिला असेल, त्या दाटपणाच्या एक-दोन चमचे पदार्थात पूड मिसळून लगेच द्यावी. काहीच गिळता येत नसेल तर तोंडातून काहीही नाही, सिरपसुद्धा नाही.

नळी जठराऐवजी पुढे आतड्यात सोडलेली असेल तर वरचे सगळे नियम पुन्हा विचारून घ्यावे लागतात.

कुटून दिली गेलीच असेल तर

पुढचा डोस थांबवा आणि बीपी, नाडी, साखर मोजा. गोळीची स्ट्रिप आणि दिल्याची वेळ सांगत डॉक्टरांना फोन करा. ठीक दिसतो म्हणून वाट बघू नका, बीपीच्या गोळ्यांचा परिणाम तासा-दोन तासांनीही दिसतो. वरचं बीपी ९० च्या खाली, नाडी ५० च्या खाली, गार घाम, उठवूनही न उठणारी गुंगी किंवा कुठूनही रक्त दिसलं तर थेट १०८ ला फोन. उलटी करवायचा प्रयत्न करू नका. गिळता न येणाऱ्या पेशंटच्या फुप्फुसात ती जाते.

नळी तुंबली तर कोमट पाणी सिरिंजने आत-बाहेर हळू खेळवून बघा. तार घालू नका, जोर लावू नका. सुटली नाही तर नळी बदलून घ्यावी लागते.

औषधं बदलून झाली की जुन्या एक्सएल, एसआर स्ट्रिपा घरातून काढा. या केसमध्ये आठवड्याभराने मुलाच्या लक्षात आलं की आत्याने मेटोप्रोलॉल टार्ट्रेट वेळेवर दिलं होतं आणि ‘बीपीची गोळी राहिली’ म्हणून जुनी एक्सएलही कुटायला घेतली होती. कार्डावर जुनं नाव खोडून नवं लिहून घ्या आणि ‘नळीतून’ असा शेरा मारून घ्या, म्हणजे दुसऱ्या दुकानातून आणलं तरी तीच जात मिळेल. पुढे नळी निघाली आणि पेशंट गिळू लागला की पुन्हा दिवसातून एकदाच्या गोळीवर जाता येतं, पण तो बदलही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, आणि साध्या गोळ्या त्याच दिवशी बंद करून.